बारावीच्या रकान्यात अडकलेली पोरं

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. कास्टिंग बाहेरून येतं, आम्ही ते सीएनसीवर मशीनिंग करून पंप आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांना देतो. ऑफिसात मी, एक अकाउंटंट आणि एक डिस्पॅचवाला. भरती, पगार, पीएफ, चहाचं बिल, सगळं माझ्या टेबलावरून जातं. माणसं लागली की आजवर काका (मालक माझे सख्खे चुलते) गेटवरच्या फळ्यावर खडूने 'ऑपरेटर पाहिजेत' लिहायचे आणि दुपारपर्यंत चार-पाच जण उभे असायचे. पण 2024 च्या जुलैत आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने तपासणीचे कागद इतके वाढवले, की ड्रॉइंग वाचणारी, मापं घेऊन रिपोर्ट लिहिणारी शिकलेली पोरं लागणार हे उघड झालं. काका म्हणाले, "कॉलेजात कॅम्पस का काय ते करतात की. आपण पण बोलावू या. लिही एक पत्र."

मी लिहिलं, आणि दहा मिनिटांत लिहून झालं यातच काय ते समजायला हवं होतं.

ते पहिलं पत्र अजून माझ्याकडे आहे. 'आमच्या कंपनीस मेकॅनिकल इंजिनिअर 10 जागा भरावयाच्या आहेत. पात्रता : दहावी, बारावी व बीईला किमान 60 टक्के, बॅकलॉग नसावा, फक्त मुले, मराठी येणे आवश्यक. पगार वार्षिक 2.75 लाख. दोन वर्षांचा बाँड, मूळ सर्टिफिकेटे जमा करावी लागतील. तारीख : 18 सप्टेंबर.' मूळ पत्र अर्थात इंग्रजीत होतं. पाठवलं ते माझ्या खासगी मेलवरून.

आठ दिवस उत्तर नाही. शेवटी फोन केला तर प्लेसमेंट सेलमधल्या बाई म्हणाल्या, मेल स्पॅममध्ये पडली असेल, लेटरहेड आणि जीएसटी नंबर असल्याशिवाय आम्ही कंपनी म्हणून नोंदच करत नाही. तो दोष माझाच. नोकरीच्या नावाखाली पोरांकडून पैसे उकळणारे लोक कॉलेजांनाही मेल धाडत असतात, त्यामुळे अनोळखी खासगी पत्त्यावर त्यांचा भरवसा नसतो. कंपनीच्या मेलवरून, लेटरहेडवर, फॅक्टरी लायसन्सची प्रत जोडून पुन्हा पाठवलं. दुसऱ्याच दिवशी टीपीओंचा, म्हणजे प्लेसमेंट ऑफिसरांचा फोन आला. घरी कन्नड बोलणारे, पण मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. म्हणाले, "मॅडम, पत्र मिळालं. पण हे मी नोटीस बोर्डावर लावलं तर तुमच्याकडे कोण येणार नाही बघा. एकदा येऊन जा की."

गेले. समोर पत्र ठेवून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दहा इंजिनिअर करणार काय?"

मला सांगता येईना. काका दहा म्हणाले म्हणून दहा. ऑफिसात परत येऊन मी आणि आमचे सुपरवायझर मामा मशीनची यादी घेऊन बसलो. कुठल्या मशीनवर कोण आहे, कोण निवृत्तीला आलाय, रिपोर्ट कोण लिहिणार असं एकेक करत गेलो, तेव्हा दहाचे सात झाले आणि त्या सातांचीही तीन वेगवेगळी कामं निघाली. चार जण सीएनसी प्रॉडक्शनला, दोघं क्वालिटीला, एक जण कॅम सॉफ्टवेअरवर मशीनचे प्रोग्रॅम करायला. 'इंजिनिअर' या एका शब्दाखाली हे सगळं लपलेलं होतं. मशीनसमोर आठ तास उभं राहायचं की कॉम्प्युटरपुढे बसायचं, हे पोराला पत्रातच कळायला हवं. नाहीतर तो पहिल्या पगाराला जातो. असे दोघं आमच्याकडून आधी गेलेलेही होते, फक्त त्याचं कारण आम्ही 'आजकालची पोरं' असं लावलं होतं.

दुसऱ्या भेटीत पात्रतेवर आलो आणि तिथे मला खरा धक्का बसला.

टीपीओंनी कॉम्प्युटरवर शेवटच्या वर्षाच्या मेकॅनिकलची यादी उघडली. दोन्ही डिव्हिजन मिळून 112 पोरं. माझ्या अटी त्यांनी एकेक करून लावल्या. दहावी 60, बारावी 60, बीई 60, बॅकलॉग शून्य, फक्त मुलगे. यादी आक्रसत आक्रसत 23 वर आली. मग त्यांनी त्या 23 मधली नावं दाखवत सांगितलं, हे आयटीच्या मागे आहेत, हे गेट परीक्षेची तयारी करतात, याला पुण्यातून ऑफर येऊन बसलीय. "तुमच्याकडे फार तर सात-आठ येतील. त्यातले निवडणार किती?"

नंतर त्यांनी बारावीच्या रकान्यावर बोट ठेवलं. कितीतरी ओळींत तो रकाना रिकामा. ही डिप्लोमावाली पोरं. दहावीनंतर पॉलिटेक्निकला तीन वर्षं काढून बीईच्या थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. त्यांनी बारावी केलेलीच नाही, मग 60 टक्के कुठून आणणार? यादीला चाळणी लावली की रिकामा रकाना शून्यासारखाच गळून पडतो. आणि आमच्या कामाला सगळ्यात जवळची हीच पोरं. लेथवर हात बसलेला, व्हर्निअर नीट धरता येणारा, यातल्या बऱ्याच जणांच्या घरात कोणी ना कोणी उद्यमबागेत किंवा मच्छ्याच्या वसाहतीत कामाला. आम्हाला हवी असलेली पोरं आमच्याच एका ओळीने दाराबाहेर उभी केली होती. 'दहावी आणि बारावी किंवा डिप्लोमा', एवढा एक 'किंवा डिप्लोमा' घालायचा होता.

60 टक्क्यांचाही घोळच. गुणपत्रिकेवर टक्के नसतात, सीजीपीए असतो. त्याचे टक्के करताना कुणी सरळ 10 ने गुणतं, कुणी विद्यापीठाच्या आधीच्या सीबीसीएस पद्धतीचं सूत्र लावतं, म्हणजे सीजीपीएतून 0.75 वजा करून मग 10 ने गुणायचं. 6.4 असलेला पोरगा एका हिशेबाने 64 टक्क्यांवर आत, दुसऱ्या हिशेबाने 56.5 वर बाहेर. आदल्या वर्षी एका कंपनीच्या लेखी परीक्षेच्या दिवशी यावरूनच दारात वाद झाला होता म्हणे. टीपीओ म्हणाले, टक्के लिहूच नका, सीजीपीए लिहा. आम्ही 6.25 लिहिलं.

बॅकलॉगचं तसंच. 'बॅकलॉग नसावा' याचे दोन अर्थ होतात. आज एकही विषय राहिलेला नसावा, किंवा आजवर कधीच राहिलेला नसावा. पहिल्या वर्षी गणितात एकदा अडकून पुढच्या खेपेला सुटलेल्या पोराला आम्ही का नाकारायचं? मामांनाही विचारलं, तर म्हणाले, "मी दहावीला दोनदा बसलोय, मला काढता काय?" पत्रात स्पष्ट लिहिलं : निवडीच्या दिवशी शिल्लक विषय नसावा, पूर्वी राहून सुटलेला चालेल.

'फक्त मुले' वर टीपीओंनी काही भाषण दिलं नाही. पेनाने ती ओळ खोडली आणि विचारलं, "कारण काय?" मी म्हटलं, दुसरी शिफ्ट रात्री साडेदहाला सुटते. "मग शिफ्टची वेळ लिहा. क्वालिटी जनरल शिफ्टला आहे तेही लिहा. भरतीत बाईपुरुष करता येत नाही, कायद्यात बसत नाही." मी स्वतः बाई असून ती ओळ माझ्याच हाताने टाइप केली होती. याबद्दल घरी कुणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहिते आहे.

भाषेची ओळ मात्र नाजूक होती आणि दोघंही जरा जपूनच बोललो. बेळगावात 'मराठी आवश्यक' किंवा 'कन्नड आवश्यक' असं कागदावर लिहिलं की तो कागद नोकरीचा राहत नाही. माझ्या डोक्यात भानगड नव्हती. आमच्या शॉपमध्ये जुने ऑपरेटर मराठीतच बोलतात एवढंच. पण त्याच शॉपमध्ये गोकाक, बैलहोंगलची पोरं कन्नडमध्ये बोलतात, आणि मामा एका वाक्यात दोन्ही भाषा घालतात. शेवटी जे खरं आहे तेच लिहिलं. शॉपमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, एक येत असेल तर दुसरी कामापुरती शिकायची तयारी हवी. टीपीओ हसून म्हणाले, "आय्तु री, हे लावतो मी बोर्डावर."

बाँडवर ते ठाम होते. मूळ सर्टिफिकेटे कुठल्याही कंपनीने ठेवून घ्यायची नाहीत, हा कॉलेजचा नियम. काकांना ते पटवायला दोन दिवस लागले. "शिकवायचं आम्ही आणि पळून जायचं त्यांनी!" असं त्यांचं चालू होतं. बाँड गेला, सर्टिफिकेटांचा मुद्दा गेला. त्याऐवजी एक वर्ष पूर्ण करणाऱ्याला पगारवाढ किती ते आकड्यात लिहिलं.

पगाराची ओळही उलगडावी लागली. 2.75 लाख भागिले 12 केले की पोरगा मनात 23 हजार धरतो. आमचा हिशेब असा होता : बेसिक 15,000, घरभाडं 4,000, प्रवास 1,500, मिळून 20,500. त्यातून पीएफ 1,800 आणि ईएसआय 154 कापून हातात 18,546. कंपनी आपल्याकडून पीएफ 1,800 आणि ईएसआय 667 भरते, ते धरून महिना 22,967 आणि वर्षाला 2.75 लाख. खोटं काहीच नव्हतं, पण पहिल्या पगाराला साडेचार हजार कमी दिसले असते. पत्रात हातात येणारा आकडा आधी लिहिला, वार्षिक आकडा नंतर. काका म्हणाले, कमी दिसतंय. मी म्हटलं, आहेच कमी.

आता तारखा. 18 सप्टेंबर मी का दिली होती? अनंत चतुर्दशी 17 ला होती, दुसऱ्या दिवशी शॉपला माणसं कमीच येतात, म्हणून मामा आणि मी मोकळे. टीपीओंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. बेळगावची मिरवणूक रात्रभर चालते, दुसरा दिवस उजाडला तरी गणपती रस्त्यावर असतात आणि निम्मं होस्टेल मिरवणुकीत. सकाळी नऊला ॲप्टिट्यूड टेस्टला झोपेतली पोरं आली असती. मी इथलीच असून हे सुचलं नाही, कारण तारीख मी आमच्या बाजूने बघत होते.

त्यांनी आपलं कॅलेंडर पुढे केलं. 23 ते 25 सप्टेंबर इंटर्नल्स, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नवरात्र सुरू, 11 ला खंडेनवमी, तेव्हा आमचंच शॉप पूजेत. त्यानंतर त्यांच्याकडे मोठ्या कंपन्या ठरलेल्या. उरला शुक्रवार, 27 सप्टेंबर. पर्यायी तारीख 30 सप्टेंबर दिली, कारण एकच तारीख देऊन ती हुकली की पुढचा मोकळा दिवस थेट महिन्याभराने मिळतो.

पण खरी अडचण परीक्षेच्या दिवसाची नव्हती. काकांना माणसं दसऱ्यानंतर लगेच हवी होती, आणि शेवटच्या वर्षाची पोरं मोकळी होणार होती 2025 च्या जूनमध्ये! कॅम्पस म्हणजे नऊ-दहा महिने आधी केलेली भरती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. पत्र तिथेच पडलं असतं, पण टीपीओंनी मार्ग काढला. क्वालिटीच्या दोन जागा नुकत्याच पास झालेल्या 2024 च्या बॅचसाठी ठेवायच्या, ती पोरं लगेच येतील. बाकी पाच जागा 2025 च्या बॅचला. शेवटच्या सेमिस्टरला त्यांना इंटर्नशिप करायचीच असते, ती फेब्रुवारीपासून आमच्याकडेच करतील. म्हणजे जुलैत रुजू होणारा पोरगा तोवर मशीन ओळखत असेल.

शेवटी जे पत्र गेलं त्याचा मजकूर मराठीत साधारण असा :

'आपल्या प्लेसमेंट सेलने आमच्या कंपनीसाठी शुक्रवार, दि. 27 सप्टेंबर 2024 रोजी सकाळी 9 वाजता कॅम्पस निवड आयोजित करावी, ही विनंती. त्या दिवशी शक्य नसल्यास सोमवार, दि. 30 चालेल.

पदे : सीएनसी प्रॉडक्शन ट्रेनी 4 (दोन शिफ्ट, दुसरी रात्री 10.30 पर्यंत, काम उभ्याने), क्वालिटी ट्रेनी 2 (जनरल शिफ्ट), कॅम प्रोग्रॅमिंग ट्रेनी 1 (जनरल शिफ्ट). कामाचे ठिकाण उद्यमबाग.

पात्रता : बीई मेकॅनिकल. क्वालिटीसाठी 2024 ची उत्तीर्ण बॅच, इतर पदांसाठी 2025 ची बॅच. सीजीपीए 6.25 व अधिक. दहावी आणि बारावी किंवा डिप्लोमा, त्यात गुणांची अट नाही. निवडीच्या दिवशी शिल्लक विषय नसावा. मुले-मुली दोघांनीही अर्ज करावा.

नावे 20 सप्टेंबरला संध्याकाळी 5 पर्यंत मिळावीत. निवड यादी 30 सप्टेंबरपर्यंत कळवू. 2024 च्या बॅचने 14 ऑक्टोबरला रुजू व्हावे. 2025 च्या बॅचची इंटर्नशिप 3 फेब्रुवारीपासून, रुजू 7 जुलै 2025, सर्व विषय 31 ऑगस्टपर्यंत सुटलेले असावेत.'

खाली भाषा, पगार आणि निवडीचे टप्पे होते. शिवाय आमच्याकडून किती माणसं येणार आणि काय लागेल तेही : 40 जणांचा एक हॉल, मुलाखतीला दोन खोल्या, एक प्रोजेक्टर. ही शेवटची ओळ मला फालतू वाटली होती. कॉलेजला मात्र सगळ्यात आधी तीच लागते, कारण खोल्या दुसऱ्या विभागाकडून मागून घ्याव्या लागतात.

नव्या अटींना दोन्ही बॅच मिळून 74 जण बसले. नावं आली 38. प्रत्यक्ष दिवशी हजर 29, त्यात 11 डिप्लोमावाले. बाकीचे नऊ का आले नाहीत? चौघांना मधल्या आठवड्यात दुसरीकडे ऑफर मिळाली, आणि कॉलेजच्या नियमाप्रमाणे एक ऑफर हातात असली की दुसऱ्या कंपनीला बसता येत नाही. उरलेल्या पाच जणांचं कळलं नाही.

लेखी परीक्षा कॉलेजच्या तयार संचातून न घेता आम्ही आमचंच एक ड्रॉइंग दिलं होतं. त्यातून 13 जण पुढे आले. मुलाखतीला मामांनी खिशातून एक रिजेक्ट झालेला व्हॉल्व्ह बॉडीचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. त्यातल्या भोकावर ड्रॉइंगमध्ये 25 एच7 लिहिलेलं. म्हणजे 25 मिलिमीटरच्या वर फार तर 21 मायक्रॉन, खाली शून्य. प्रश्न एकच : "हे कशानं मोजशील?" चांगले गुण असलेल्या तिघांनी व्हर्निअर उचलला आणि ठामपणे आकडा सांगितला. खानापूरकडच्या एका मुलीने व्हर्निअर हातात घेतला, परत ठेवला आणि म्हणाली, "सर, याचा लीस्ट काउंटच 20 मायक्रॉन आहे, यानं एच7 कळणार नाही. बोअर गेज नाहीतर प्लग गेज द्या." मामांनी माझ्याकडे बघितलं. ती 2024 ची पासआउट, डिप्लोमावाली, सीजीपीए 6.31. पहिल्या पत्राने ती तीन वेळा बाहेर पडली असती.

सहा जण निवडले. कॅमची जागा रिकामी ठेवली, कारण त्या कामाचं कुणीच नव्हतं आणि टीपीओ म्हणाले, उगीच भरू नका. दोघं 14 ऑक्टोबरला आले. 2025 च्या चौघांपैकी एकाने जानेवारीत पुण्याची नोकरी धरली. तसं आधी कळवलं हे त्याचं चांगलं, पण आम्ही राखीव यादी दिली नव्हती ही आमची चूक. डिसेंबरनंतर कॉलेजकडे मोकळी पोरं फारशी उरत नाहीत. तिघांनी इंटर्नशिप केली. त्यातल्या एकाचा शेवटच्या सेमिस्टरचा एक विषय राहिला. 31 ऑगस्टची अट मीच घातलेली. काका म्हणाले, पोरगं चांगलं हाय, ठेवून घे. मी त्याला ट्रेनी म्हणून न घेता विषय सुटेपर्यंत ऑपरेटरच्या हजेरीवर घेतलं आणि टीपीओंना तसं लेखी कळवलं, कारण त्याच अटीमुळे बाहेर राहिलेला दुसरा पोरगा उद्या विचारायला आला तर त्यांना उत्तर द्यावं लागतं.

यंदाचं पत्र जुलैतच धाडलं. पाच जागा, राखीव यादीत तीन, गणपतीच्या पुढे-मागे एकही तारीख नाही. तासाभरात टीपीओंचा फोन आला. "सगळं बरोबर आहे मॅडम, पण दुसरी शिफ्ट साडेदहाला सुटल्यावर खानापूर साइडची पोरं जाणार कशी? बस आहे काय?"

ते मला माहीत नव्हतं. संध्याकाळी मामांना घेऊन थर्ड गेटच्या स्टॉपवर जाऊन विचारून येणार आहे.